वक्त्याचा नकार सकाळी, व्याख्यान संध्याकाळी: मधल्या सात तासांत काय करायचं

संध्याकाळी साडेसहाला व्याख्यान आहे आणि सकाळी सव्वाअकराला वक्त्याचा फोन येतो: आज येणं जमणार नाही. अशा वेळी बहुतेक आयोजक तेवढ्याच नावाचा माणूस शोधायला लागतात आणि त्याने त्याच विषयावर बोलावं असा आग्रह धरतात. असा माणूस सात तासांत सहसा मिळत नाही. मिळाला तरी दुसऱ्याच्या विषयावर घाईघाईने तयारी करून बोलतो आणि त्याचं अवघडलेपण पाचव्या मिनिटाला सभागृहाला कळतं. माझं म्हणणं असं की नावाचा हट्ट पहिल्या तासातच सोडावा आणि विषयही थोडा सैल करावा. तयारीशिवाय, स्वतःच्या कामातून तासभर बोलू शकेल असा माणूस हवा. आणि लोकांना हा बदल घरून निघण्यापूर्वी कळायला हवा.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. नागपूरच्या लक्ष्मीनगर भागातलं एक वाचनालय आहे असं धरा. त्याच्या व्याख्यानमालेचा आज दुसरा दिवस. विषय ‘पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव’, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, तिथल्या जमीनदारांच्या, ताब्यात असलेले गावतलाव. वक्ते पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक. दीडशे खुर्च्या मांडायच्या आहेत, श्रोत्यांत निवृत्त मंडळी जास्त, काही जण वर्ध्याहून आणि कामठीहून येणारे. प्राध्यापकांना रात्री ताप भरला आणि ते सकाळच्या विमानात बसू शकले नाहीत.

पहिला फोन घाईने ठेवू नका

बातमी ऐकताच आयोजकाचं डोकं पुढच्या धावपळीत जातं आणि ‘बरं सर, काळजी घ्या’ म्हणून फोन बंद होतो. मग तासाभराने पुन्हा फोन लावावा लागतो आणि तोवर आजारी माणूस औषध घेऊन झोपलेला असतो. म्हणून त्याच फोनवर चार गोष्टी विचारून घ्या.

पहिली, येणं रद्द आहे की उशीर आहे? विमान चार तास उशिरा असेल तर प्रश्न क्रम बदलण्याचा असतो, माणूस बदलण्याचा नाही. पुण्याहून रस्त्याने निघून संध्याकाळी नागपूर गाठता येत नाही. अंतर सातशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेव्हा ‘बघतो, गाडीने निघतो’ असं कोणी भावनेच्या भरात म्हटलं तर तुम्हीच नको म्हणा. दुसरी, लोकांना कारण किती सांगायचं? ताप आहे हे सांगू, की नुसतं प्रकृती बरी नाही एवढंच? ही मुभा वक्त्याची आहे. तिसरी, श्रोत्यांसाठी दोन-तीन वाक्यं पाठवता येतील का? मोबाइलवर लिहून पाठवली तरी पुरे. चौथी, नागपुरात या विषयावर बोलू शकेल असं कोणी त्यांच्या ओळखीत आहे का? हा प्रश्न आयोजकांना संकोचाचा वाटतो, पण नेमकं नाव बहुधा यातूनच मिळतं. ज्याने या विषयात वर्षानुवर्षं काम केलंय त्याला विषयातली माणसं माहीत असतात, आणि त्याचं नाव सांगून फोन केला की समोरचाही पटकन ऐकतो.

दृक्‌श्राव्य जोडणीवरून बोलायला सांगू नका, निदान आजारी माणसाला तरी नाही. वक्ता ठणठणीत असून फक्त अडकलेला असेल तर विचार करता येईल. पण त्यासाठी सभागृहात तारेचं इंटरनेट हवं, लॅपटॉपचा आवाज थेट ध्वनियंत्रणेत जोडलेला हवा आणि प्रेक्षक येण्याआधी दहा मिनिटं चाचणी व्हायला हवी. लॅपटॉपसमोर माइक धरून ऐकवलेलं भाषण मागच्या चार रांगांना कळत नाही. सगळं जमलं तरी पडद्यावरचं भाषण वीस मिनिटांपेक्षा लांबवू नये.

माणूस कुठे शोधायचा

नागपूरची एक सोय अशी की विषयाचे जाणकार गावातच राहतात. विद्यापीठ आहे, व्हीएनआयटी आहे, नीरी आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आहे. या सगळ्या ठिकाणांहून निवृत्त झालेली माणसं धरमपेठ, त्रिमूर्तीनगर, मनीषनगरला राहतात. आयत्या वेळी निवृत्त माणसाकडेच आधी जावं, कारण सेवेत असलेल्या सरकारी अधिकाऱ्याला किंवा शास्त्रज्ञाला जाहीर भाषणासाठी कार्यालयाची परवानगी लागू शकते आणि ती एका दुपारीत मिळत नाही.

आपल्या उदाहरणात प्राध्यापकांनीच नाव सुचवलं: पाटबंधारे विभागातून निवृत्त झालेले एक अभियंता. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत त्यांनी तलावांच्या दुरुस्तीचं काम केलेलं. इतिहासकार नाहीत, व्याख्यानांची सवय नाही, पण पाळ कुठे फुटते, सांडवा का बुजतो, गाळ काढताना गावात भांडणं कशावरून होतात हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांना ‘मालगुजारी तलावांचा इतिहास’ सांगायला लावलं तर ते अडखळतील. ‘तलाव दुरुस्त करताना काय दिसलं’ असं विचारलं तर दोन तास बोलतील. विषय सैल करायचा तो असा. मूळ विषयाचं गाव तेच राहू द्यायचं, फक्त आत शिरायचं दार बदलायचं.

गावात कोणीच नसेल तर बाहेर नजर टाका, पण घड्याळ बघून. भंडारा साठ-पासष्ट किलोमीटर, वर्धा पंचाहत्तरच्या आसपास. दुपारी दोनपर्यंत होकार आला तर तिथला माणूस आरामात पोहोचतो. अमरावती, चंद्रपूर किंवा यवतमाळ दीडशे किलोमीटरच्या घरात आहेत, म्हणजे तीन तास धरा आणि एक वाजल्यानंतर तिकडे फोन करू नका. त्याहून लांबचा विचार आजच्यासाठी सोडून द्या.

विचारायचं कसं

फोन एकानेच करायचा आणि एका वेळी एकालाच. समितीतल्या तिघांनी तीन जणांना विचारलं आणि दोघांनी हो म्हटलं, तर त्यातल्या एकाला नाही म्हणावं लागतं आणि तो माणूस संस्थेला कायमचा दुरावतो. म्हणून पसंतीचा क्रम आधी ठरवा. पहिल्याला अर्धा तास द्या, आणि तो अर्धा तास आहे हे त्याला सांगून द्या. फोन अध्यक्षांनी किंवा सचिवांनी करावा. कार्यकर्त्याकडून निरोप पाठवणं अशा प्रसंगी अपमानास्पद वाटतं.

खरं कारण पहिल्याच वाक्यात सांगा. ‘तुमचंच नाव आमच्या मनात होतं’ अशी साखरपेरणी केली आणि त्यांनी आजच्या पेपरात दुसरं नाव वाचलेलं असलं तर पुढचं सगळं संभाषण बिघडतं. साधारण असं बोलता येईल:

‘नमस्कार सर, वाचनालयातून बोलतोय. आज साडेसहाला आमच्याकडे मालगुजारी तलावांवर व्याख्यान आहे. पुण्याच्या सरांची तब्येत बिघडल्याने ते येऊ शकत नाहीत. त्यांनीच तुमचं नाव सुचवलं. इतक्या उशिरा विचारतोय, त्यामुळे तयारीचं भाषण आम्हाला नकोच आहे. तुम्ही भंडाऱ्याकडे जे काम केलंत त्याबद्दल आमचा एक सदस्य तुम्हाला प्रश्न विचारेल आणि तुम्ही बोलाल, असा विचार आहे. घ्यायला गाडी साडेपाचला येईल, साडेआठला घरी सोडू. मानधन जे ठरलं होतं तेच. तुम्ही अर्ध्या तासात सांगितलंत तर बरं होईल. नाही म्हणालात तरी आम्हाला मुळीच वाईट वाटणार नाही.’

शेवटचं वाक्य मनापासून म्हणा. दडपणाखाली हो म्हणणारा माणूस चार वाजता पुन्हा फोन करून नकार देतो, आणि मग हातात काहीच उरत नाही.

भाषणाऐवजी मुलाखत

तयारीला वेळ नसलेल्या माणसाला व्यासपीठावर एकटं उभं करून ‘आता एक तास’ म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. मुलाखतीत हे ओझं वाटलं जातं. प्रश्न विचारणारा धागा सांभाळतो, उत्तर देणारा फक्त आठवतो आणि सांगतो. दोन खुर्च्या, दोन माइक, मध्ये पाण्याचा एक ग्लास, एवढीच मांडणी. मात्र माइक दोन हवेत, एकच माइक इकडून तिकडे फिरवला तर बोलण्याची लय तुटते. ध्वनिवाल्याला दुपारीच सांगून ठेवा.

मुलाखत घेणारा वाचनालयातलाच असावा, विषयाबद्दल उत्सुक असावा, आणि स्वतः भाषण करणारा नसावा. त्याने दुपारी साडेतीनच्या सुमारास पाहुण्यांशी वीस मिनिटं फोनवर बोलून घ्यावं. या बोलण्यात सगळे प्रश्न विचारून टाकू नयेत, नाही तर संध्याकाळी तीच उत्तरं शिळी होऊन येतात. फक्त तीन-चार प्रसंग काढून घ्यायचे: कुठला तलाव, कुठलं गाव, काय अडचण आली, आणि कुठल्या गोष्टीबद्दल जाहीरपणे बोलायला त्यांना नको आहे. निवृत्त अधिकाऱ्यांच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. चालू असलेली एखादी चौकशी, एखाद्या कंत्राटदाराचं नाव, हे माणसाला मंचावर अवघड करू शकतं.

वेळ साधारण अशी वाटता येते. सुरुवातीला पंधरा मिनिटं पाहुणे स्वतः बोलतील: मालगुजारी तलाव म्हणजे काय, ते भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात का आहेत, ते बांधण्यात कोहळी समाजाचा वाटा कसा होता. मग पस्तीस मिनिटं मुलाखत आणि पंधरा मिनिटं श्रोत्यांचे प्रश्न. ही पंधरा मिनिटं कापू नका. नागपूरच्या श्रोत्यांत कोणाचं ना कोणाचं गाव तलावाकाठी असतं, आणि दुसऱ्या कोणाच्या आजोबांकडे एके काळी मालगुजारी होती. बदललेल्या कार्यक्रमात श्रोत्यांना स्वतःची जागा इथेच मिळते.

लोकांना तीनदा, पण तीन ठिकाणी

होकार आला की पाच मिनिटांत संदेश तयार करा, आणि ज्या ज्या व्हॉट्सॲप गटांत निमंत्रण गेलं होतं त्या प्रत्येकात तो टाका. जुनी पत्रिका अजूनही फिरत असते, त्यामुळे नव्या संदेशात ‘बदल’ हा शब्द पहिल्या ओळीत हवा आणि वेळ-स्थळ पुन्हा लिहायला हवं. नाही तर लोक कार्यक्रम रद्द झाला असंच समजतात. ही गफलत नेहमी होते.

‘आजच्या व्याख्यानात बदल. कार्यक्रम ठरल्या वेळी, सायं. ६.३० वाजता, वाचनालयाच्या सभागृहातच आहे. प्रकृतीच्या कारणाने पुण्याचे प्राध्यापक आज येऊ शकत नाहीत. त्यांच्या सूचनेवरून, मालगुजारी तलावांच्या दुरुस्तीचं काम प्रत्यक्ष केलेल्या निवृत्त अभियंत्यांची मुलाखत होईल. श्रोत्यांच्या प्रश्नांना वेळ राखून ठेवला आहे. प्राध्यापकांच्या व्याख्यानाची नवी तारीख ठरताच कळवू.’

प्रत्यक्षात दोघांची नावं घालाच. ‘अपरिहार्य कारणास्तव’ हे शब्द शक्यतो टाळा. ते इतके वापरले गेलेत की वाचणाऱ्याला त्यात काहीतरी लपवल्याचा वास येतो. वक्त्याने मुभा दिली असेल तेवढं खरं कारण द्या. मुभा नसेल तर ‘येऊ शकत नाहीत’ इथेच थांबा. विमान रद्द झालं, घरी कोणाचं निधन झालं असली कारणं रचू नका, दुसऱ्या दिवशी कोणीतरी वक्त्यालाच फोन करून विचारतो.

व्हॉट्सॲपवर नसलेल्यांना फोन लागतात. सगळ्यांना करणं शक्य नसतं. लांबून येणारे आणि वयाने मोठे, एवढ्यांची यादी दोन कार्यकर्त्यांत वाटून द्या. आपल्या उदाहरणात वर्ध्याहून येणाऱ्यांना दुपारी दोनच्या आत कळायलाच हवं, कारण ते चारला निघतात. बदल आदल्या दिवशी कळला असेल तर वृत्तपत्रांच्या ‘आजचे कार्यक्रम’ या सदराकडे लगेच दुरुस्ती पाठवा. त्याच दिवशी कळला तर छापील नाव बदलता येणार नाही, म्हणून सभागृहाचं दार महत्त्वाचं.

दारात, आत शिरण्याच्या आधी दिसेल असा फलक लावा. फळ्यावर खडूने लिहिलं तरी चालेल, पण अक्षर मोठं हवं. शेजारी एक माणूस उभा करा. त्याने येणाऱ्याला सांगायचं: ‘काका, आज वक्ते बदललेत बरं का, आतही सांगणार आहोत.’ ज्याला फक्त प्राध्यापकांनाच ऐकायचं होतं त्याला इथूनच परत जाता यावं. खुर्चीत बसल्यावर उठून जाणं नागपूरकराला संकोचाचं वाटतं, मग तो तासभर नाराजीने बसतो. तिकीट लावलेला कार्यक्रम असेल तर पैसे परत मिळतील हे याच फलकावर लिहा आणि रोख रक्कम टेबलावर ठेवा.

शेवटची घोषणा मंचावरून, दीपप्रज्वलनाच्याही आधी, आणि ती संस्थेच्या अध्यक्षांनी किंवा सचिवांनीच करायची. सूत्रसंचालकावर सोपवली तर संस्थेने हात झटकल्यासारखं दिसतं. दीड मिनिट पुरे:

‘नमस्कार. पुण्याचे प्राध्यापक आज आपल्याशी बोलणार होते. काल रात्री त्यांची प्रकृती बिघडली, त्यामुळे ते येऊ शकलेले नाहीत. आपल्यापैकी काही जण त्यांच्यासाठी लांबून आला आहात, याची आम्हाला जाणीव आहे, आणि झालेल्या बदलाबद्दल संस्थेच्या वतीने क्षमा मागतो. त्यांनी पाठवलेल्या दोन ओळी वाचून दाखवतो. (इथे निरोप वाचावा.) आज आपल्यासोबत आहेत ते अभियंता, ज्यांनी या तलावांच्या पाळीवर उभं राहून काम केलं आहे. ते सकाळी विचारल्यावर संध्याकाळी आले, याबद्दल त्यांचे आभार. आता कार्यक्रम सुरू करू.’

यानंतर हा विषय संपला पाहिजे. प्रास्ताविक करणारा, परिचय करून देणारा, आभार मानणारा, प्रत्येक जण ‘सर आले नाहीत पण’ म्हणत राहिला तर समोर बसलेल्या पाहुण्याला तासभर आपण बदली आहोत हेच ऐकावं लागतं. बोलणाऱ्या सगळ्यांना आधीच बजावून ठेवा. ‘त्यांची उणीव भरून काढतील’ हे वाक्य तर कोणाच्याच तोंडी येऊ देऊ नका. परिचयही पूर्ण द्या, मूळ वक्त्याचा झाला असता तेवढाच. त्यासाठीची माहिती साडेतीनच्या फोनवर विचारून घ्या.

फ्लेक्स, स्मृतिचिन्ह, मानधन

मंचामागच्या फ्लेक्सवर प्राध्यापकांचा फोटो असतो. त्यावर पांढरा कागद चिकटवू नका. ते वाईट दिसतं, आणि छायाचित्रांत कायमचं राहतं. दुपारी छपाईवाल्याकडे जुळणी तयार असते, फक्त नाव आणि विषय बदलून नवा फ्लेक्स बहुधा दोन-तीन तासांत मिळतो, पण ऑर्डर दोनच्या आत द्या. तो नसेल जमत तर फ्लेक्स काढून साधा पडदा आणि संस्थेचं नाव ठेवा. रिकामा पडदा खोट्या फ्लेक्सपेक्षा बरा.

स्मृतिचिन्हावर नाव कोरलेलं असेल तर ते प्राध्यापकांसाठी ठेवून द्या आणि पाहुण्यांना शाल-श्रीफळ व पुस्तक द्या. नावाच्या जागी पट्टी लावलेलं स्मृतिचिन्ह देऊ नये. मानधन जेवढं ठरलं होतं तेवढंच द्यायचं, प्रवासखर्च वाचला म्हणून कमी नाही. पाकिटावर पाहुण्यांचं नाव हाताने नव्याने लिहा. जुन्या नावावर काट मारलेलं पाकीट माणूस घरी जाऊन पाहतो.

प्रमुख पाहुणे आले नाहीत तर

इथे गोष्ट सोपी आहे, कारण प्रमुख पाहुण्यांकडून तासभराचं भाषण अपेक्षित नसतं. दीप लावणं, पुस्तक प्रकाशित करणं, बक्षिसं देणं अशी एखादी कृती असते, आणि ती मंचावरचे अध्यक्ष किंवा सभागृहातली एखादी मानाची व्यक्ती करू शकते. वाचनालयाच्या सगळ्यात जुन्या सभासदाच्या हातून प्रकाशन झालं तर ते शोभतंच. फक्त त्या व्यक्तीला पाच मिनिटं आधी बाजूला घेऊन विचारा, मंचावरून अचानक नाव पुकारू नका. शासकीय कार्यक्रमात मात्र राजशिष्टाचार असतो, तिथे आपल्या मनाने कोणाला बसवू नये, संबंधित कार्यालयाला विचारावं.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात असतं, तेव्हा मंत्री-आमदार हातच्या अंतरावर असतात आणि सभागृहात कामकाज लांबलं की अडकतातही. स्वीय सहायकाकडून ‘साहेब निघालेत’ असा निरोप येत राहतो. त्यावर ‘गाडी आत्ता कुठल्या चौकात आहे?’ असं विचारा. नेमका चौक सांगता आला नाही तर साहेब निघालेले नाहीत असं धरा. ठरलेल्या वेळेनंतर वीस मिनिटांनी कार्यक्रम सुरू करायचा, हे समितीने आधीच ठरवलेलं असावं. बक्षीस समारंभ असेल तर मुलांची बक्षिसं आधी उरकून घ्या, पाहुणे नंतर आले तर चार शब्द बोलतील. नऊ वाजेपर्यंत उपाशी बसलेल्या लहान मुलांसमोर कोणाचंही भाषण रंगत नाही.

दुसऱ्या दिवशी

सकाळी प्राध्यापकांना फोन करा, आधी तब्येतीचा आणि मग कालच्या कार्यक्रमाचा. त्यांचा निरोप वाचला, त्यांनी सुचवलेले अभियंता छान बोलले, हे त्यांना सांगा, मनावरचा भार उतरतो. नव्या तारखेचा विषय त्यांनी काढला तरच त्याच फोनवर बोला, नाही तर आठवडाभर थांबा. अभियंत्यांना आभाराचं पत्र आणि दोन चांगली छायाचित्रं पाठवा. वृत्तपत्रांना बातमी पाठवताना शीर्षकात त्यांचंच नाव घाला आणि बदलाचा उल्लेख करू नका. आयत्या वेळी पाठवलेल्या बातमीत जुन्या पत्रिकेतलं नाव राहून जाण्याची शक्यता असते, म्हणून पाठवण्याआधी दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. विमानाचं तिकीट संस्थेने काढलं असेल तर परताव्याची चौकशी त्याच दिवशी करा आणि कापली गेलेली रक्कम व्याख्यानमालेच्या खर्चात लिहा. ती प्राध्यापकांकडे मागू नका.